हृदयाची आकृती: डावं-उजवं उलटलं, तर गुण किती कापायचे?

दहावीच्या बाई: चाचणीत हृदयाच्या आकृतीला तीन गुण होते, दीड आकृतीला आणि दीड सहा नावांना. एका मुलीची आकृती सुबक आहे, पण चारही कप्प्यांची डावी-उजवी नावं उलटी पडलीत. महाधमनी आणि त्रिदली झडप बरोबर. सहकारी म्हणतात, चार नावं चुकली, एक गुण गेला. मला हे जास्त वाटतं. तुम्ही काय कराल?

खडूफळा: गेलाच. हृदय आपण समोरच्या माणसाचं काढतो, म्हणून कागदाची डावी बाजू ही हृदयाची उजवी. हे पहिल्याच तासाला सांगतो आपण.

सोहमची आई: माझ्या मुलाचं पेशीच्या आकृतीत असंच झालं. शेडिंग इतकं सुंदर केलं होतं, तरी केंद्रकाची रेषा जरा अलीकडे थांबली म्हणून नावाचा गुण गेला.

निवृत्त मास्तर: ताई, ती रेषा पेशीद्रव्यात थांबली असेल, तर त्याने पेशीद्रव्यालाच केंद्रक म्हटलं. रेषेचं टोक जिथे टेकतं, तेच नाव धरायचं. शेडिंगला गुण नसतोच, उलट त्यात रेषेचं टोक हरवतं.

बाई, नावं बाजूला ठेवा आणि आधी खालच्या दोन कप्प्यांच्या भिंती बघा. उजवी जवनिका रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच ढकलते, डावी सगळ्या शरीरभर. म्हणून डावीची भिंत उजवीच्या जवळजवळ तिप्पट जाड. मुलीने कागदाच्या उजवीकडची भिंत जाड काढून महाधमनी तिथूनच काढली असेल, तर हृदय तिला कळलंय, फक्त बाजू उलटी वाचली. ती एकच चूक आहे. तिच्यासाठी चारदा कापणं मला पटत नाही, अर्धा गुण पुरे.

रेघोटी: एकदाच कापावं हे मान्य. पण भिंतीची जाडी म्हणजे चित्रकला झाली. पंधरा वर्षांच्या मुलीकडून प्रमाण कसलं मागता?

निवृत्त मास्तर: झाडाच्या पानाचं प्रमाण चुकलं तर मी सोडून देतो. इथे जाडी हेच उत्तर आहे. पट्टीने मोजत नाही मी, एक भिंत दुसरीहून ठळक जाड दिसली की झालं.

खडूफळा: आणि त्रिदली झडप? ती उजव्या कर्णिका-जवनिकेतच असते. हिने ती 'डाव्या' म्हटलेल्या कप्प्यांमध्ये दाखवली. म्हणजे नुसती बाजू नाही उलटली, झडपेची जागा पाठ आहे आणि कप्पे कळलेले नाहीत.

दहावीच्या बाई: आत्ता पेपर पुन्हा काढला. दोन्ही भिंती सारख्याच जाड आहेत. शिवाय महाधमनीची रेषा नेमकी ती फुप्फुस धमनीला ओलांडते तिथे टेकलीय, म्हणजे ते नावही मी घाईत बरोबर धरलं होतं.

निवृत्त मास्तर: मग तिला बोलावून रेषेचं टोक कुठे होतं ते विचारा. भिंतींचा अर्धा गुण आकृतीतून जाईल. नावांचा मात्र मी अजूनही एकदाच कापेन.

खडूफळा: मी चारदा. झडपेचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत.