`.भारत` आणि `.in` एकच मानायचे का?

शाईवाला: माझ्या छापखान्याच्या वेबसाइटचं नाव `.in` वर आहे. `.भारत` ही त्याचीच देवनागरी पाटी आहे ना? मग एक घेतलं की दुसरं आपोआप आपलंच व्हायला हवं. वेगळी नोंदणी करायला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

जुना_नोंदणीवाला: दोन्ही एकाच देशाची आहेत, पण नोंदी वेगळ्या. `in` ही दोन अक्षरं देशांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीतली. देशांची स्वतःच्या लिपीतली नावं 2009च्या अखेरीस सुरू झालेल्या प्रक्रियेतून आली. देशाने स्वतः मागणी करायची, नावातून देश स्पष्ट कळला पाहिजे आणि ते तिथल्या अधिकृत भाषेत हवं. शिवाय ते लॅटिन कोडसारखं दिसता कामा नये. रशियाला `.ру` सहज सुचलं असतं, पण ते पॅराग्वेच्या `.py` सारखं दिसतं, म्हणून `.рф` आलं. बल्गेरियाचं `.бг` ब्राझीलच्या `.br` सारखं दिसतं म्हणून आधी अडलं, पुढे काही वर्षांनी मान्य झालं.

कोकणकडा: म्हणजे आपल्या लिपीतलं शेपूट दिसलं की ते देशाचंच. `.कॉम` सुद्धा भारताचं.

जुना_नोंदणीवाला: तिथे गल्लत होते. `.कॉम` अमेरिकन कंपनी व्हेरिसाइन चालवते, त्याचा देशाशी संबंध नाही. लॅटिनमध्ये दोन अक्षरी शेपूट म्हणजे देशाचा कोड, हे लांबीवरूनच ओळखता येतं. देवनागरीत लांबीवरून काहीच कळत नाही, कोणाकडे आहे ते पाहावं लागतं.

मीरा_त: नावातून देश स्पष्ट कळायला हवा, हे बंधन मला आवडतं. `.tv` तुवालूचं, पण लोकांना टेलिव्हिजन वाटतं. `.भारत` वाचून भारताशिवाय दुसरं काय मनात येणार?

समुद्रापार: मला तेच खटकतं. माझी बहीण मॉरिशसला मराठी शिकवते. तिच्या मराठी वर्गाच्या पत्त्याला भारताचं नाव का लागावं? लिपी आपली, पण शेपटाने देश चिकटला.

शाईवाला: माझी अडचण वेगळीच आहे. पाटीवर `.भारत` चा ईमेल रंगवला, पण एका बँकेच्या फॉर्मने ‘पत्ता चुकीचा’ म्हणत परत पाठवला.

जुना_नोंदणीवाला: संगणक `.भारत` हे `xn--h2brj9c` असं पाहतो. जुने फॉर्म शेपटात फक्त इंग्रजी अक्षरं तपासतात, त्यामुळे यातले अंक आणि आडव्या रेघाही अडतात. `@` च्या आधीचा भाग इंग्रजीत असेल, तर पुढचं सगळं नाव `xn--` रूपात टाकून पाहा. तरीही अडलं, तर चूक फॉर्मची. तोवर पाटीवर दोन्ही पत्ते रंगवा.

समुद्रापार: दोन्ही रंगवायचे, म्हणजे दोन्हींचे पैसे भरायचे. शाईवाल्यांची मूळ तक्रार अजून तिथेच आहे.