दहा कॉम्प्युटरच्या ऑफिसला नेटवर्कची वही हवी की नको?

उद्यमबागवाला: आठ-दहा कॉम्प्युटरच्या ऑफिसात केबलला पट्ट्या, पत्त्यांचा तक्ता, मशिनांची यादी हे सगळं कशाला? राऊटर आपोआप पत्ते देतो. अडलं तर बंद करून चालू करायचं. मेंटेनन्सवाले बिल वाढवायला वह्या लिहायला लावतात.

खानापूर रोड: बिल वाढवतो म्हणालात म्हणून सविस्तर लिहितोय. चौदा वर्षं हेच काम करतोय आणि माझं बिल जास्त होतं ते वही नसलेल्या ऑफिसात.

खानापूर तालुक्यातली एक पतसंस्था. आठ कॉम्प्युटर, एक मोठा प्रिंटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर. प्रिंटर आठवड्यातून दोन-तीनदा अकराच्या सुमारास गप्प व्हायचा आणि दुपारी आपोआप सुरू व्हायचा. माझ्या आधी आलेल्याने केबल बदलली, मग स्विच बदलला. तुमच्यासारखं राऊटर बंद-चालूही रोज करून झालं. पासबुकं छापायला लोक रांगेत आणि मॅनेजर अण्णा डोक्याला हात लावून बसलेले.

मी गेलो तेव्हा प्रिंटर अडलेलाच होता. प्रिंटरचं बटण सरळ बंद केलं आणि शेजारच्या कॉम्प्युटरवर हे टाकलं:

```
ping 192.168.1.112
arp -a
```

प्रिंटर बंद, तरी त्याच्या 112 या पत्त्यावरून उत्तर येतंय. म्हणजे तो पत्ता दुसरंच कुणीतरी घेऊन बसलंय. एखादा फोन पिंगला उत्तर देत नाही, म्हणून arp -a बघायचंच, त्यात 112 समोर कुणाचा मॅक, म्हणजे यंत्राचा स्वतःचा नंबर, आहे ते कळतं. इथला मॅक da ने सुरू होत होता आणि प्रिंटरच्या मागच्या स्टिकरवरचा वेगळाच होता. मॅकचा दुसरा अक्षर-आकडा 2, 6, a किंवा e असला की तो बहुतेक फोनने स्वतः तयार केलेला असतो, कारखान्यातून आलेला नसतो. हल्लीचे फोन प्रत्येक वायफायला असा वेगळा मॅक दाखवतात.

मग उलगडा झाला. आधी कुणीतरी प्रिंटरला हाताने 112 देऊन ठेवलेला. राऊटर 100 ते 199 वाटतो आणि त्याला प्रिंटरचं काही माहीतच नाही. आठ कॉम्प्युटर, क्लार्क लोकांचे फोन असं करत त्याने 112 एका पिग्मी एजंटच्या फोनला दिलेला. ते काका सोमवार-बुधवार-शुक्रवार अकराला भरणा करायला यायचे, बाकावर बसायचे, फोन वायफायला लागायचा आणि प्रिंटर बंद. ते घरी गेले की प्रिंटर चालू. त्यांना फोनचं वायफाय बंद करायला सांगितलं आणि सगळ्यांसमोर पासबुक छापून दाखवलं.

दुरुस्ती म्हणजे प्रिंटरला 192.168.1.20 दिला. पण आठही कॉम्प्युटरमध्ये प्रिंटरचा पोर्ट जुन्या पत्त्यावर होता, तो एकेक बदलण्यात दुपार गेली. आता त्यांच्या वहीत एवढंच आहे: 1 राऊटर, 2 ते 9 स्विच आणि वायफायचे डबे, 10 ते 29 प्रिंटर, 30 ते 39 डीव्हीआर आणि कॅमेरे, 40 हजेरीचं यंत्र, 100 ते 199 राऊटरने वाटायचे. हाताने दिलेला पत्ता 99 च्या वर जायचा नाही. हे आधी लिहिलेलं असतं तर दोन महिन्यांचा त्रास आणि एका स्विचचे पैसे वाचले असते.

उद्यमबागवाला: चूक हाताने पत्ता देणाऱ्याची. राऊटरमध्येच मॅक टाकून पत्ता राखून ठेवायचा, मग भांडणच नाही. माझ्या वर्कशॉपात सगळी यंत्रं तशीच आहेत. वहीची गरज कुठे आली?

खानापूर रोड: राखून ठेवणं बरोबरच आहे, मीही करतो. पण तुमची ती राखीव यादी राहते कुठे? राऊटरच्या पोटात. वळवाच्या गडगडाटात राऊटर गेला की यादीही गेली. प्रोव्हायडरचा मुलगा नवा डबा लावतो, त्याचा पत्ता 192.168.1.1 च्या जागी 192.168.0.1 असतो, आणि नेट चालू झालं की तो गाडीला किक मारतो. मग तुमच्या डीव्हीआरला नव्या गल्लीतला भलताच पत्ता मिळतो आणि बाकीचे त्याला जुन्याच गल्लीत शोधत बसतात. कुठल्या यंत्राचा कुठला मॅक हे त्या दिवशी कुठून आणणार? शिडी लावून प्रत्येक स्टिकर वाचणार?

नेट सेंटर, चिकोडी: नोंदी ठेवायलाच पाहिजेत हो. 2011 च्या नियमाप्रमाणे कोण आला, ओळखपत्र कुठलं, किती वेळ बसला हे वर्षभर तरी जपून ठेवायचं असतं. मी सगळी रजिस्टरं ठेवलीत, कधीही येऊन बघा.

टिळकवाडीतली: काका, ते सायबर कॅफेचं झालं. इथं ऑफिसातल्या वायरींचं चाललंय.

मी एका सीएच्या ऑफिसात काम करते, माझं दुखणं केबलचं आहे. दिवाळीआधी रंगकाम काढलं. रंगाऱ्याने टेबलं सरकवली आणि बारा केबली स्विचमधून ओढून काढल्या. पट्ट्या होत्या, पण फक्त टेबलाकडच्या टोकाला, आणि त्यावर नावं. त्यातल्या दोघी नोकरी सोडून गेलेल्या, एक जण दुसऱ्या खोलीत बसायला लागलेला. जीएसटी भरायच्या दिवसांत आम्ही टेबलाखाली रांगतोय. नेट दुरुस्त करायला आलेला मुलगा हुबळीकडचा, त्याला मराठी येत नाही. 'वरची खोली, डावीकडे' हे देवनागरीत लिहिलेलं हातात धरून तो मला विचारतोय, "इदु यावुदु?" माझं कन्नड बाजारापुरतं.

शहापूरचा: मग त्याने मराठी शिकायचं. ऑफिस तुमचं, वही तुमची, पट्टी मराठीतच हवी. दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड हा नियम आपण पाळतोय, आता टेबलाखालच्या केबलवरही दुसऱ्याची भाषा लिहायची का?

निपाणीची सून: शहापूरचे दादा, माझं माहेर कन्नड, सासर मराठी. लाईट गेली की आमच्या दुकानात सासरे मराठीत हाक मारतात आणि वायरमन कन्नडमध्ये ओ देतो. त्याला केबल सापडली नाही तर ग्राहक माझा जातो. तुमचा मान आणि माझं दुकान, दोन्ही एका पट्टीला बांधू नका.

शहापूरचा: दुकान तुमचं आहे तसं आमचंही आहे. आमच्या वडिलांनी सातबारा मराठीत मागितला म्हणून तलाठ्याच्या दारात दिवस काढलेत. ज्याने ते बघितलंय त्याला पट्टी छोटी गोष्ट वाटत नाही. तुम्हाला माहेरचं सोपं पडतं, आम्हाला नाही.

निपाणीची सून: माहेर काढायचं काम नव्हतं. मी केबलीबद्दल बोलत होते.

टिळकवाडीतली: दोघांनाही हात जोडते. मला फक्त पट्टीवर काय लिहू ते सांगा. ह्या वेळी पुन्हा रांगायचं नाहीये.

खानापूर रोड: अक्का, पट्टीवर शब्दच नको. आकडा लिहायचा. 07 म्हणजे 07, दोन्ही टोकांना तोच, प्लगपासून चार बोटं सोडून. आणि भिंतीतल्या खाचेवरही 07. माणसाचं नाव कधीच नाही, माणूस जागा बदलतो, केबल बदलत नाही. 07 म्हणजे कुठली खोली, स्विचचं कितवं छिद्र, हे वहीत. वही मराठीत ठेवा, शहापूरच्या दादांनी खुशाल ठेवावी. आकडा हुबळीचा मुलगाही वाचतो.

साधी सेलोटेप नको, एका उन्हाळ्यात पिवळी पडून सुटते. कागदावर आकडा लिहून वरून पारदर्शक नळी चढवा, नाहीतर लेबल छापायचं छोटं मशीन मिळतं. आणि कुठली केबल कुठली हे शोधायला टेस्टर नसला तरी चालतं. कॉम्प्युटर चालू ठेवायचा, एकाने टेबलाकडचा प्लग काढायचा, दुसऱ्याने स्विचवर कुठला दिवा विझला ते बघायचं. बारा केबलींना दोघांना तासभर लागेल. स्विचचे दिवे बिघडलेले असतील तर मात्र टेस्टर आणावाच लागतो.

शहापूरचा: आकड्याला माझी हरकत नाही. वही मराठीत, हे लक्षात असू द्या. आणि ताई, माहेराचं बोललो ते मागे घेतो.

संकेश्वर रोड: प्रोव्हायडरच्या माहितीवर कुणीच बोललं नाही. आमचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस. कनेक्शन घेताना आमच्या बुकिंग क्लार्कने स्वतःचा मोबाईल नंबर दिला. तो पुण्याला गेला. पावसात रस्ता उकरला आणि फायबर तुटली. तक्रार करायला ओटीपी लागतो आणि ओटीपी पुण्यात. तो फोन उचलेना. दोन दिवस सगळी बिलं मोबाईलवर. त्यात पहिला दिवस मी लॉगिनचा पासवर्ड शोधण्यात घालवला.

खानापूर रोड: पासवर्ड शोधायच्या आधी डब्याचे दिवे बघायचे होते. LOS लाल लुकलुकत असेल तर फायबरमधून उजेडच येत नाही, तिथे कुठलाही पासवर्ड चालणार नाही, थेट तक्रार करायची. PON हिरवा स्थिर आहे आणि इंटरनेटचा दिवा तेवढा बंद किंवा लाल, तेव्हा लॉगिन बघायचं.

वहीच्या पहिल्या पानावर कनेक्शन कुणाच्या नावावर, ग्राहक क्रमांक, नोंदवलेला मोबाईल कुणाचा, डब्याचा सिरीयल नंबर, लॉगिनचं युजरनेम, व्हीलॅन दिला असेल तर तो आकडा, स्थिर पत्ता घेतला असेल तर तो. मोबाईल मालकाचा किंवा ऑफिसच्या स्वतःच्या सिमचा. क्लार्क सोडून जातो त्या दिवशी हे पान उघडून बघायचं.

संकेश्वर रोड: आणि पासवर्डही त्याच पानावर?

खानापूर रोड: नाही. पासवर्ड बंद पाकिटात, तिजोरीत. वही कुणीही चाळतं.

टिळकवाडीतली: आम्ही सगळं ऑनलाईन शीटमध्ये ठेवलंय, पासवर्डसकट, फक्त सरांना आणि मला उघडतं. पाकिटातला पासवर्ड बदलला तर कोण नवीन पाकीट करतं? आमच्याकडे तरी कुणी केलं नसतं.

खानापूर रोड: नेट बंद असताना शीट कशी उघडणार?

टिळकवाडीतली: फोनच्या डेटावर.

खानापूर रोड: रेंज असेल तर. खानापूरच्या पुढे जंगलाकडे गेलात की विचारा. मी छापील प्रतीवरच राहणार. तुमचा पाकिटाचा मुद्दा मात्र खरा आहे, दोन ठिकाणी मला जुनंच पाकीट सापडलंय.

उद्यमबागवाला: काल संध्याकाळी लेथ बंद झाल्यावर पोराला घेऊन दिवे विझवून बघितले. स्विचमध्ये अकरा केबली. आठ सापडल्या. दोन दुसऱ्या टोकाला कुठेच जोडलेल्या नाहीत, नुसत्या छतात गेल्यात. अकरावी काढली तेव्हा मागच्या शेडमधला कॅमेरा गेला, आणि तो कॅमेरा माझ्या राखीव यादीत नव्हता. बिलाचं बोललो ते जरा जास्त झालं. पण यादी मी राऊटरमध्येच ठेवणार, त्याचा फोटो काढून फळ्यावर लावीन. वही लिहायला माझ्याकडे माणूस नाही.

खानापूर रोड: फोटोखाली तारीख घाला. आणि छतातल्या त्या दोन केबली आत्ता कापू नका. आकडा लावून महिनाभर स्विचमधून काढून ठेवा, महिनाअखेरीला कुणाचं तरी काहीतरी अडतं आणि तेव्हाच कळतं ती कुणाची होती.