अनुभव धागा: सभेच्या आदल्या रात्री सापडलेलं टिंब

सावनी_के

सप्टेंबर आला की घरात अहवालांचा ढीग होतो. काल एक चाळताना 'नफा विभागणी'चं पान आलं आणि आत्या आठवली. ती तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत क्लार्क होती. नाव लिहीत नाही, मंडळी अजून तिथेच आहेत. मी बारावीला तिच्याकडे राहायचे, २००७ च्या आसपासची गोष्ट.

दुसऱ्या दिवशी अकराला संचालक मंडळाची सभा. तिथे अहवाल मंजूर होणार, मग छपाई, मग वार्षिक सभेची नोटीस. नोटीस चौदा दिवस आधी जावी लागते म्हणून सगळ्यांची पळापळ. संध्याकाळी डीटीपीवाल्याकडून प्रूफ आलं. निव्वळ नफा ४९.६० लाख. खाली वाटणी अशी:

राखीव निधी १.२४
लाभांश १०% २२.००
इमारत निधी ५.००
सभासद कल्याण ३.००
कर्मचारी कल्याण २.५०
धर्मादाय १.००
शिल्लक पुढे ३.७०
एकूण ४९.६०

मॅनेजरनी सहज बेरीज मारली तर ३८.४४. चेअरमन समोरच बसलेले. ते म्हणाले, "म्हणजे अकरा लाख वाटायचे राहिलेत की! लाभांश वाढवा." भागभांडवल २ कोटी २० लाख. बावीसमध्ये अकरा घातले की तेहतीस, म्हणजे बरोब्बर पंधरा टक्के. कायद्याने खास परवानगीशिवाय त्यावर जाताच येत नाही. चेअरमन खूश. घरी जाता जाता टपरीवर दोघातिघांना सांगूनही झालं.

प्रूफ तपासणं आत्याकडे, म्हणून तिने ते घरी आणलं. जेवणं झाल्यावर ओटा पुसून बसली. नफा एवढा सांडून राहील हे तिला पटेना. आधी तिने फरक काढला, ११.१६. मग त्याला ९ ने भागलं. आलं १.२४. आणि हा आकडा त्याच पानावर पहिल्याच ओळीत! मला म्हणाली, "बघ, टिंब सरकलंय." राखीव निधीला नफ्याचा किमान चौथा हिस्सा काढावाच लागतो. ४९.६० चा चौथा हिस्सा १२.४०. मागच्या वर्षीचा अहवाल काढला, तिथे ११.८५ होते. म्हणजे अकरा लाख कुठेच शिल्लक नव्हते.

हाताने लिहिलेल्या कच्च्या कागदावर कोणीतरी '१२.४' एवढंच लिहिलेलं, पुढचं शून्य नाही. बाकी सगळे आकडे दोन घरांचे. डीटीपीवाल्याने तेच तीन अंक घेतले आणि टिंब दोन घरं सोडून बसवलं.

साडेदहाला मॅनेजरना फोन केला. ते झोपेतच, "उद्या बघू ताई." पण उद्या सभा बसली आणि प्रोसिडिंगला पंधरा टक्के चढलं की मग कोण खोडणार? आत्याने प्रूफला पेन लावलं नाही, तो तिचा अधिकार नव्हता. एका चिठ्ठीवर भागाकार, चौथा हिस्सा आणि मागच्या वर्षीचा आकडा असं लिहिलं आणि सकाळी मॅनेजरच्या दारात उभी राहिली.

राखीव निधी १२.४० झाला. चेअरमनना तोंड दाखवायला इमारत निधीतून २.२० काढून लाभांश अकरा टक्के केला, २४.२०. त्यानंतर वर्षभर ते सगळ्यांसमोर म्हणायचे, "बाईंनी सभासदांचे चार टक्के खाल्ले."

तुमचेही असे आदल्या रात्रीचे किस्से असतील, येऊ द्या.

---

भाऊसाहेब_निवृत्त

आत्यांना नमस्कार सांगा. लेखापरीक्षणात आयुष्य गेलं, पण हा ताळा हल्लीच्या पोरांना माहीत नसतो. टिंब एक घर सरकलं की आकडा दसपट होतो किंवा दहावा हिस्सा. दसपटीतून एकपट गेली की उरते नऊपट, म्हणून फरकाला नवाने भाग जातो आणि उत्तर येतं तोच लहान आकडा. दोन घरं सरकलं तर ९९ ने भागायचं. तेरीज जुळेना की आम्ही पहिलं हेच करायचो.

---

पक्या_सोलापूर

म्हणजे ९ ने भाग गेला की समजायचं टिंबाची चूक. भारी आहे, उद्याच ऑफिसात वापरतो

---

भाऊसाहेब_निवृत्त

@पक्या थांबा. अंकांची अदलाबदल झाली तरी नऊनेच भाग जातो. ५३ चे ३५ लिहिले, फरक १८. म्हणून भागून आलेला आकडा किंवा त्याची दसपट पानावर शोधायची. सापडला तर टिंब सरकल्याचा संशय धरा, नाही सापडला तर उलटसुलट अंक बघा. आणि एकाच पानावर दोन चुका असतील तर हे सगळं कोलमडतं.

---

मीनल_मस्कत

ड्युटीवरून लिहितेय. आमच्याकडे शिकवलेलं बरोबर उलटं आहे! औषधाच्या मात्रेत ५ मिलिग्रॅम असेल तर ५.० लिहायचंच नाही, टिंब पुसट दिसलं तर ५० वाचतात. आणि अर्धा असेल तर .५ नाही, ०.५. एकदा रात्री चार्टवर बिनशून्याचं .५ होतं आणि टिंब नेमकं रेघेवर आलेलं. सोबतची मुलगी पाच भरायला निघाली होती. एवढ्याशा बाळाला एवढं कसं म्हणून डॉक्टरांना उठवलं. ते चिडले, पण मात्रा अर्धीच होती.

तर पुढचं शून्य लिहायचं की नाही, एकदा ठरवा बाबा लोकहो

---

खडूस_कारकून

@मीनल हिशेबात सगळे आकडे एकाखाली एक असतात, दोन घरं ठेवली की टिंबं एका रेषेत येतात आणि सरकलेलं डोळ्याला टोचतं. तुमच्या चार्टवर आकडा एकटा असतो. दोघी बरोबर.

पण मला गोष्टीत एक खटकतंय. अहवाल म्हणजे ऑडिट होऊन गेलेलं. राखीव निधी चौथ्या हिश्श्यापेक्षा कमी हे ऑडिटरला दिसलं नाही?

---

सावनी_के

@खडूस आत्याला फोन केला आत्ता. ती म्हणते ऑडिट नफ्याच्या आकड्यापर्यंत होतं. वाटणी ही मंडळाची शिफारस, ती नंतर बनते आणि वार्षिक सभा मंजूर करते. ते पान ऑडिटरपुढे गेलंच नव्हतं.

---

खडूस_कारकून

मला नाही पूर्ण पटलं. आमच्याकडे ऑडिटर विभागणीचा मसुदाही मागून घेतात.

---

भाऊसाहेब_निवृत्त

काही मागतात, काही नाही. यावर मी बोलणार नाही, पेन्शन चालू आहे 😄

---

उमेश_श्टुटगार्ट

इकडे टिंबाचं कामच वेगळं. जर्मनीत दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब. १.२४० म्हणजे एक हजार दोनशे चाळीस. पुण्याच्या टीमने वर्षअखेरचे आकडे पाठवले, त्यात 12.4 होतं. माझ्या जर्मन एक्सेलने उघडल्या उघडल्या त्याची 12. Apr केली. आकड्यांच्या रांगेत मध्येच बारा एप्रिल! ते निदान दिसतं तरी. 49.60 होतं तिथे तारीख बनत नाही, मग ते गुपचूप मजकूर म्हणून बसतं आणि SUM त्याला सोडून देतो. एरर वगैरे काही नाही, बेरीज फक्त कमी येते.

---

मुक्ता_वाई

@उमेश मग ओळखायचं कसं?

---

उमेश_श्टुटगार्ट

आकडे उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे. कॉलम रुंद करून बघायचं कोण डावीकडे पळालंय. कोणी आधीच सगळं मध्यावर आणून ठेवलं असेल तर बसा शोधत.

---

रजनीताई_पाटील

माझ्या नातवाच्या प्रगतीपुस्तकात ९.२८ टक्के छापून आलंय, बाईंना सांगितलं तर म्हणतात सिस्टीममध्ये आहे. कुठे अर्ज करायचा कोणाला माहिती आहे का

---

पक्या_सोलापूर

@रजनीताई नातवाला सांगा, आजीनेच टिंब सरकवलं म्हणून

---

रजनीताई_पाटील

चेष्टा नको रे. गणितात पैकीच्या पैकी आहेत त्याला

---

मुक्ता_वाई

काकू, मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज द्या, सोबत विषयवार गुणांची झेरॉक्स जोडा. एका प्रतीवर पोच घ्या, तोंडी सांगून होत नाही.

मूळ विषयावर: मी एका दूध संघात होते. आमच्याकडे बेरजेने काहीच कळलं नसतं, कारण चूक आधी ताळेबंदात शिरली आणि तिथून पुढच्या प्रत्येक पानावर तीच गेली. सगळं जुळत होतं. पशुखाद्याचा साठा दहावा हिस्सा दाखवला होता आणि त्यापायी नफाही तेवढाच घटलेला. सभेच्या आदल्या दिवशी गोदामवाल्याने कागद बघितला आणि म्हणाला, "एवढंच खाद्य असतं तर मी रोज त्या पोत्यांना अडखळलो नसतो."

---

भाऊसाहेब_निवृत्त

@मुक्ता हेच. नऊचा ताळा फक्त न जुळणारी बेरीज पकडतो. जुळलेली चूक पकडायला मागचं वर्ष शेजारी ठेवायचं, नाहीतर गोदामात जायचं.

---

मुक्ता_वाई

त्या गोदामवाल्याचा पगार नाही वाढला ते सांगायचं राहिलं.

---

अभ्या_७७

चेअरमनना टपरीवर ऐकलेले लोक वार्षिक सभेत उठले नाहीत का? आमच्याकडे तर अर्ध्या टक्क्यावरून माईक ओढतात

---

सावनी_के

@अभ्या उठले ना. एकजण म्हणाला पंधरा ऐकलं होतं. चेअरमन म्हणाले, "ऐकलं ते चहाच्या टपरीवर, छापलंय ते संस्थेच्या अहवालात." आणि लगेच भेटवस्तूची घोषणा केली. सगळे तिकडे वळले.

---

अभ्या_७७

काय दिलं त्या वर्षी?

---

सावनी_के

स्टीलचा डबा, झाकणावर संस्थेचं नाव. आत्याला दोन मिळाले, एक सभासद म्हणून, एक कर्मचारी म्हणून.

---

रजनीताई_पाटील

आमच्या संस्थेने यंदा प्लॅस्टिकची बादली दिली. पाणी गळतं

---

पक्या_सोलापूर

@रजनीताई त्याचाही लेखी अर्ज द्या, बादली सोबत जोडा

---

मीनल_मस्कत

😂😂 शिफ्ट संपली. पोच विसरू नका काकू