मदत हवी आहे: जीडीपी 17% वाढलेला दिसतो, मग उत्तर ‘5% घट’ कसं?

पलासिया_अभ्यास

नमस्कार मंडळी. इंदूरहून लिहितेय, राज्यसेवेचे सराव पेपर सोडवणं चालू आहे. पेपर हिंदीत आहे, प्रश्न मराठीत मांडते.

एका देशात सोयाबीन आणि कापड एवढंच तयार होतं. 2020 मध्ये 100 क्विंटल सोयाबीन, भाव 4000 रुपये, आणि 200 तागे कापड, भाव 1000 रुपये. 2024 मध्ये 90 क्विंटल सोयाबीन, भाव 5000, आणि 210 तागे, भाव 1200. आधार वर्ष 2020. तर ‘स्थिर मूल्यों पर’ जीडीपीत काय बदल झाला?

(अ) 17% वाढ (ब) 5% वाढ (क) 5% घट (ड) 6.16% घट

2020 चे 6,00,000 आणि 2024 चे 7,02,000 येतात. सरळ 17% वाढ, म्हणून मी (अ) निवडला. उत्तरसूचीत (क) आहे. बेरीज दोनदा तपासली, ती बरोबर आहे. मग (अ) कुठे चुकतो?

जुनी_इंदूर_मास्तर

ताई, बेरीज बरोबरच आहे, पण ती दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. 7,02,000 काढताना तुम्ही 2024 चा माल 2024 च्याच भावाने धरलात. तो झाला नॉमिनल जीडीपी. प्रश्नात स्थिर किमती मागितल्यात, म्हणजे माल 2024 चा आणि भाव 2020 चे.

90 गुणिले 4000 म्हणजे 3,60,000. 210 गुणिले 1000 म्हणजे 2,10,000. एकूण 5,70,000. 6,00,000 वरून 5,70,000, म्हणजे 5% घट. पर्याय (क).

आता ते 17% कुठून आले ते उलगडून बघा, म्हणजे परत गोंधळ होणार नाही. एकूण फरक 1,02,000 चा आहे. मालातल्या बदलाचा हिस्सा जुन्या भावाने काढा: सोयाबीन 10 क्विंटल कमी, म्हणजे उणे 40,000, कापड 10 तागे जास्त, म्हणजे अधिक 10,000. निव्वळ उणे 30,000. उरलेला हिस्सा भाववाढीचा: 90 क्विंटलवर हजार-हजार रुपये म्हणजे 90,000, 210 ताग्यांवर दोनशे-दोनशे म्हणजे 42,000, मिळून 1,32,000. त्यातून 30,000 गेले की तुमचे 1,02,000. म्हणजे (अ) मधली वाढ सगळी भावाची आहे, मालाने तर ती उलट खालीच ओढली. पेपर काढणाऱ्याने नेमका तोच आकडा पहिला पर्याय म्हणून ठेवलाय.

तुकोगंज_77

एवढं करायची गरज नाही. सोयाबीन 25% महागलं, कापड 20%. सरासरी 22.5. 17 मधून 22.5 वजा केले की उणे 5.5. जवळचा पर्याय (क). अर्ध्या मिनिटात काम होतं.

जुनी_इंदूर_मास्तर

दिशा बरोबर पकडलीत, पण पद्धत इथे दगा देते. पहिलं म्हणजे साधी सरासरी चालत नाही, देशात सोयाबीनचा वाटा कापडाहून मोठा आहे. खरी भाववाढ 7,02,000 भागिले 5,70,000 करून येते: 1.2316, म्हणजे 23.16%. आता हा नेमका आकडा घेऊन वजाबाकी करा: 17 उणे 23.16 बरोबर उणे 6.16. पर्याय (ड)! तो वजाबाकी करणाऱ्यांसाठीच ठेवलाय. तुमच्या ढोबळ सरासरीने तुम्ही योगायोगाने वाचलात.

इथे भागाकार करावा लागतो. 1.17 भागिले 1.2316 म्हणजे 0.95. वाढ दोन-चार टक्क्यांची असेल तर वजाबाकी आणि भागाकारात नगण्य फरक पडतो, वीस टक्क्यांच्या पुढे तो चांगलाच जाणवतो.

सराफा_नमकीन

मास्तर, मधेच विचारतो. आमच्या दुकानाचा गल्ला यंदा 12% वाढला. शेव 200 रुपये किलोवरून 230 वर गेली. म्हणजे तुमच्या हिशोबाने धंदा घटला का?

जुनी_इंदूर_मास्तर

फक्त शेवच विकत असाल तर हो, विकलेला माल घटला. 1.12 भागिले 1.15 म्हणजे 0.974, साधारण अडीच टक्के कमी किलो गेले. पण नफा त्यावरून कळणार नाही, त्यासाठी बेसन-तेलाचा खर्च बघावा लागेल. जीडीपीतही तुमचा अख्खा गल्ला धरत नाहीत, बेसन-तेल वजा जाता जे उरतं तेवढंच धरतात.

बडोदा_आकडे

पेपरातलं पटलं, पण खऱ्या आकड्यांत हे बसत नाही. 31 मे 2024 ला 2023-24 चे तात्पुरते अंदाज आले. चालू किमतींनी वाढ 9.6%. त्या वर्षी किरकोळ महागाई सरासरी 5.4% होती. वजा करा, भागा, काहीही करा, चार टक्क्यांच्या आसपासच येतं. सरकारने रिअल वाढ 8.2% सांगितली. मग हे कसं?

जुनी_इंदूर_मास्तर

तुम्ही किरकोळ महागाईने भागताय, जीडीपीचा भाव निर्देशांक वेगळा असतो. तोच अंदाज घ्या: 2022-23 साठी नॉमिनल 269.50 लाख कोटी आणि 2011-12 च्या किमतींनी 160.71 लाख कोटी, 2023-24 साठी 295.36 आणि 173.82. भागाकार केला की निर्देशांक 167.7 वरून 169.9 झाला, म्हणजे भाववाढ जेमतेम 1.3%. 1.096 भागिले 1.013 केलंत की 8.2% येतात. (हे आकडे पुढे सुधारले गेले, पण पद्धत तीच.)

किरकोळ महागाईत घरच्या टोपलीतल्या वस्तू असतात, खाण्यापिण्याचा वाटा मोठा. जीडीपीत यंत्रं, बांधकाम, निर्यात सगळं येतं, आणि त्या वर्षी घाऊक भाव सरासरीने थोडे उतरले होते. परीक्षेत पर्यायांमध्ये किरकोळ महागाईने काढलेला आकडाही हमखास असतो, तो ओळखता आला पाहिजे.

बडोदा_आकडे

गणित जुळलं. पण आक्षेप तिथेच आहे. कारखान्यांच्या उत्पादनाला घाऊक भावांच्या निर्देशांकाने भागलं आणि कच्च्या मालाचा भाव वेगळा धरला नाही, तर कच्चा माल स्वस्त झालेल्या वर्षी रिअल वाढ फुगून दिसते. बरेच अर्थतज्ज्ञ हेच म्हणत आलेत.

जुनी_इंदूर_मास्तर

आक्षेप रास्त आहे. किती फुगली यावर मात्र एकमत नाही. मी त्यावर आकडा सांगणार नाही.

पलासिया_अभ्यास

मास्तर, आता (अ) का चुकतो ते नीट कळलं. एक शंका उरली. 2024 चे भाव दोन्ही वर्षांना लावून पाहिले: 2020 चा माल 7,40,000 चा, 2024 चा 7,02,000 चा. घट 5.14% आली, 5% नाही. भाव दोन्हीकडे स्थिरच आहेत, मग आकडा का बदलतो?

जुनी_इंदूर_मास्तर

कारण सोयाबीन कापडापेक्षा जास्त महागलं. 2020 मध्ये एक क्विंटल सोयाबीनला चार तागे कापड येत होतं, 2024 मध्ये चारपेक्षा थोडं जास्त. नवे भाव लावले की घटलेल्या सोयाबीनचं वजन वाढतं आणि घट मोठी दिसते. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत, म्हणून तर प्रश्नात आधार वर्ष सांगावं लागतं. तुमच्या पेपरात 2020 लिहिलंय, तेव्हा तिथे 5%च लिहायचे.

तुकोगंज_77

आणि आधार वर्ष दिलंच नसेल तर?

जुनी_इंदूर_मास्तर

सराव पेपरात बहुतेक वेळा आधीचं वर्ष धरलं की पर्याय जुळतो. जुळलाच नाही तर प्रश्न अर्धवट आहे, तिथे फार वेळ घालवू नका.