अ‍ॅनारोबिक कॉफी: २५० ग्रॅम, ६०० रुपयांत, कोणती घ्यावी?

चहाबाज_पुणे
मित्राकडे चिकमगळूरची एक अ‍ॅनारोबिक नॅचरल प्यायलो. वाइनसारखा वास, मागे पिकलेल्या केळ्याची चव. वरून काही घातलेलं नाही म्हणे, मग ही चव येते कुठून? आणि पहिल्यांदा घेताना काय बघावं? घरी साधं पोरओव्हर आहे. बजेट वर लिहिलंय.

निवांत
६०० विसरा. मी पनामाची गेशा मागवली होती, १०० ग्रॅमलाच त्याच्या कितीतरी पट गेले. एकदा ती प्यायलात की बाकी सगळं पाणी.

कोकणी_काका
सडवलेली कॉफी महाग विकायची नवी युक्ती. आमच्याकडे फणस असा वास मारायला लागला की गुरांना घालतात.

मळनाडकर
काका, सडणं आणि आंबणं यात फरक आहे, आणि आमचा सगळा खटाटोप त्या फरकासाठीच चालतो. मी चिकमगळूरकडे एका मळ्यावर प्रोसेसिंग बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पिकलेली लाल चेरी पाण्यात सोडायची, तरंगते ती बाजूला काढायची. उरलेली सालीसकट २०० लिटरच्या ड्रमात भरायची, वर थोडी जागा ठेवून. झाकणाला एकतर्फी व्हॉल्व्ह असतो: आतला वायू बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. सालीवरचं यीस्ट आणि जिवाणू चिकट गरातली साखर खायला लागतात. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड आत उरलेल्या हवेला बाहेर ढकलतो. व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो, त्यामुळे ते मागे पडतात. लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू आणि यीस्ट पुढे सरकतात. आम्लं आणि अल्कोहोल यांच्यापासून एस्टर नावाची सुगंधी द्रव्यं बनतात. वाइनमध्ये आणि पिकलेल्या केळ्यातही हीच मंडळी असतात, म्हणून तुम्हाला तो वास आला. त्यातलं काही दाण्यात मुरतं आणि भाजल्यावरही थोडंफार टिकतं.

सुमेधा_ठाणे
म्हणजे गरातली साखर दाण्यात उतरते, म्हणून गोड लागते ना?

मळनाडकर
साखर तर बरीचशी खाल्लीच जाते. फळांच्या वासामुळे जीभ फसते आणि गोड वाटतं, असं माझं मत. दाण्याच्या आत नेमकं काय काय बदलतं यावर जाणकारांतही वाद आहेत.

उपासवाली
अल्कोहोल असेल तर चतुर्थीला चालेल का?

निवांत
गेशा चालते.

मळनाडकर
जे थोडं तयार होतं ते वाळवताना आणि पुढे दोनशे अंशांच्या आसपास भाजताना उडून जातं. चतुर्थीचं मात्र तुमच्या घरी विचारा.

कोकणी_काका
पण हवा बंद केली की बिघडतच नाही असं थोडंच आहे?

मळनाडकर
बरोबर पकडलंत. गेल्या हंगामात एका ड्रमच्या झाकणाचं रबर तडकलं होतं. उघडला तर वरच्या थराला शिरक्याचा आणि नेलपॉलिशचा वास, खाली मात्र स्वच्छ फळांचा. वरचा थर वेगळा वाळवून साध्या मालात घातला. नुसते तास मोजून भागत नाही. ड्रम सावलीत ठेवतो, रोज रसाचा पीएच बघतो. पाचाच्या वर सुरू होतो, चारच्या आसपास आला की काढतो. थंडी असेल तर बहात्तर तास लागतात, उकाड्यात त्याआधीच. नंतर जाळीच्या बेडवर पातळ पसरून वारंवार उलथायचं. इथे घाई झाली किंवा बुरशी लागली, तर ड्रममध्ये कितीही चांगलं झालेलं असो, माल गेला.

डोंबिवली_एक्सप्रेस
तासांवर जाऊ नका हे मीही म्हणणार होतो. मी पाकिटावर १२० तास बघून घेतली, सगळ्यात जास्त म्हणजे सगळ्यात भारी असं वाटून. दारूत बुडवलेलं मनुक्याचं लोणचं. अर्धं पाकीट डब्यात पडून आहे, हवं असेल तर या.

फिल्टरप्रेमी
तुम्ही चिकोरी घालता की नाही ते सांगा आधी. ७०-३० घेतली की हे सगळं लागतच नाही.

मळनाडकर
चहाबाज, पाकिटावर मळ्याचं नाव, प्रक्रिया आणि भाजल्याची तारीख बघा. 'स्ट्रॉबेरी' हे चवीचं वर्णन आहे की आंबवताना फळ घातलंय, हे रोस्टरला विचारा. दोन्ही प्रकार मिळतात. आधी १०० ग्रॅमच घ्या. मध्यमपेक्षा हलकं भाजलेलं चालेल, दोनेक आठवडे थांबून उघडा. पाणी उकळतं नको, ९० अंशांच्या आसपास. जास्त गरम पाण्याने दारूसारखा उग्रपणा वर येतो.

निवांत
९० ला गेशा खुलत नाही.

चहाबाज_पुणे
सगळ्यांना धन्यवाद. १०० ग्रॅमचं पाकीट संपलं होतं, म्हणून १२० तासवालीच ५०० ग्रॅम मागवली. ऑफर होती. डोंबिवली, तुमचा डबा तुमच्याकडेच राहू द्या.