मलपृष्ठावरचा मजकूर आणि बारकोडची चौकट: तुमचे अनुभव लिहा

शाईचा डाग:
माझ्या कादंबरीचं मलपृष्ठ तीनदा परत आलं. पान १४० मिमी रुंद. दोन्हीकडे १२ मिमी समास सोडल्यावर उरले ११६. खाली उजवीकडे बारकोडसाठी ५१ बाय ३१ मिमीची चौकट मोकळी हवी होती. मी आधी ८२ शब्दांचा लेखक परिचय पूर्ण रुंदीत रचला होता आणि त्याची शेवटची ओळ थेट चौकटीत घुसत होती. टंक लहान करून ओळी जवळ आणल्या, तर वेलांट्या वरच्या ओळीतल्या उकारांना भिडायला लागल्या.

शेवटी परिचय चौकटीच्या डावीकडे घेतला. मध्ये ५ मिमी सोडून ६० मिमीचा रकाना मिळाला. साडेनऊ पॉइंटात सहा ओळी, म्हणजे जेमतेम ३५ शब्द. पदव्या गेल्या, आधीच्या कथासंग्रहांची यादी गेली. कथा जिथे घडते त्या बंदरावर मी बारा वर्षं नोकरी केली, एवढंच ठेवलं. ते आधी पाचव्या ओळीत दडलं होतं!

पाठराखण मात्र अजून खुपते. ती नायिकेला पत्र मिळतं तिथे थांबवली आहे, पण पत्र कुणाचं ते सांगायला हवं होतं का?

बोरू:
सांगू नका. बाकी, बारकोड एवढा मोठा कशाला? चित्रच आहे ते, हवं तेवढं लहान करा. माझा मोबाइलवर लगेच वाचला गेला.

खिळेजुळारी:
लहान करता येतो, पण ८० टक्क्यांपर्यंतच. मूळ माप कडेच्या कोऱ्या पट्ट्यांसह साधारण ३७ बाय २६ मिमी, त्याचं ३० बाय २१ होतं. मोबाइल चालवून घेतो, दुकानातलं यंत्र घेईलच असं नाही. घोळ बहुतेक त्या कोऱ्या पट्ट्यांत होतो. रेघांपर्यंत रंग आणला, की कोड कुठे सुरू झाला तेच यंत्राला कळत नाही. रेघा निव्वळ काळ्या शाईत ठेवा. चार रंगांतून काळा केला आणि छपाई जरा सरकली, तर कडा फाटतात. लाल रेघा तर नकोतच, पुष्कळ यंत्रांचा प्रकाशच लाल असतो, त्याला त्या दिसत नाहीत.

शिवाय उजवी बाजू म्हणजे कण्याची बाजू. शेवटच्या क्षणी पानं वाढली, कणा जाड झाला, पण मुखपृष्ठाची फाइल जुनीच राहिली, तर चौकट घडीकडे सरकते.

अर्धविराम:
माझं फक्त ई-बुक आहे. मलाही जागा सोडावी लागेल का?

शाईचा डाग:
नाही हो, तिथे मलपृष्ठच नसतं. पाठराखण मात्र विक्रीच्या पानावर लागेल.

पानगळ:
मी परिचयासोबत फोटोही बसवला. तो १८ मिमीचा झाला, चेहरा ओळखू येईना. परिचय आतल्या पानावर हलवला आणि मागे फक्त पाठराखण ठेवली.

बोरू:
परिचय आत कोण वाचतं?

पानगळ:
मी वाचते.