तोंडी आदेशानंतरची मेल

> साहेब तोंडी सांगतात आणि नंतर ‘मी असं बोललोच नाही’ म्हणतात. मेल टाकली तर चिडतील ना?

सूर कामाचा ठेवा, आणि मेल काम सुरू करण्याआधी टाका. आमच्या बुटीबोरीच्या प्लांटमध्ये टेस्ट रिपोर्ट यायच्या आधीच माल पाठवायला सांगितलं, तेव्हा मी लिहिलं: “सर, आत्ता बोलल्याप्रमाणे बॅच १४ रिपोर्टविना आज ५ च्या गाडीने पाठवतो आहे. बदल असल्यास ४ पर्यंत कळवा.” साडेतीनला फोन आला, “थांबव.” मग त्याच मेलखाली लिहिलं: “फोनवर सांगितल्याप्रमाणे गाडी थांबवली.” ही दुसरी नोंद लोक विसरतात अन् तिथेच अडकतात.

उत्तर आलं नाही म्हणजे संमती मिळाली असं नाही, पण तुमची बाजू तारीख-वेळेसह राहते. ती मेल स्वतःच्या खासगी जीमेलवर मात्र पाठवू नका, गोपनीयता मोडल्याचा ठपका उलट तुमच्यावरच येऊ शकतो.